कर्णपर्वातील सतरावा दिवस: अर्जुनाची प्रतिज्ञा, कौशिकाचे सत्य आणि फलासक्तीचा प्रश्न

निष्काम कर्माची चर्चा बहुधा गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील सत्तेचाळिसाव्या श्लोकापासून सुरू होते आणि तेथेच संपते. कर्म करण्याचा तुला अधिकार आहे, फळावर नाही, एवढे सांगून झाले की पुढचा अवघड प्रश्न तसाच राहतो. फळावर अधिकार नाही म्हणजे परिणामांचा विचारही करायचा नाही काय? कर्तव्य म्हणून जे हातून घडेल त्याने दुसऱ्याचा जीव गेला, तरी कर्ता मोकळाच का? हा प्रश्न महाभारताने स्वतःच एका प्रसंगात उभा केला आहे, आणि तोही गीता सांगणारा व ऐकणारा या त्याच दोघांना समोरासमोर ठेवून. हा प्रसंग कर्णपर्वात येतो. प्रचलित प्रतींमध्ये तो अडुसष्टाव्या अध्यायाच्या आसपास सुरू होतो आणि पुढचे तीन-चार अध्याय चालतो. कीर्तन-प्रवचनांत तो फारसा ऐकू येत नाही, कारण त्यात पांडवांपैकी कोणाचेच वागणे शोभून दिसत नाही.

युद्धाचा सतरावा दिवस आहे. भीष्म शरपंजरी पडले आहेत, द्रोण पंधराव्या दिवशी मारले गेले आहेत आणि कौरवांचे सेनापतिपद कर्णाकडे आहे. कर्णाच्या बाणांनी घायाळ झालेला युधिष्ठिर रणातून माघार घेऊन शिबिरात शय्येवर पडला आहे. तो दिसेनासा झाल्यामुळे काळजीत पडलेला अर्जुन कृष्णासह त्याला पाहायला येतो. दोघांना परत आलेले पाहून युधिष्ठिराची समजूत होते की कर्ण पडला. तो हर्षभराने अर्जुनाचे स्वागत करतो, कर्णाला कसे मारलेस ते सविस्तर सांग म्हणतो, आणि तेरा वर्षे या माणसाच्या भीतीने आपल्याला झोप लागली नाही असेही बोलून जातो. अर्जुन सांगतो की कर्ण अजून जिवंत आहे, आपण अश्वत्थाम्याशी लढत होतो आणि केवळ तुमची विचारपूस करायला आलो. तेव्हा युधिष्ठिराचा तोल सुटतो. तुझ्या गांडीवाचा धिक्कार असो, ते केशवाला देऊन टाक आणि तू त्याचे सारथ्य कर, पाचव्या महिन्यातच कुंतीचा गर्भ गळून पडला असता तर बरे झाले असते, इथपर्यंत तो जातो.

अर्जुन तलवार उपसतो. कृष्ण प्रथम विचारतो ते अगदी साधे आहे: तलवार कशाला काढलीस? येथे तर लढायला कोणी नाही. राजाला पाहायला आलो, तो सुखरूप दिसला, आनंदाच्या वेळी हे काय? अर्जुनाचे उत्तर प्रकरणाच्या मुळाशी आहे. गांडीव दुसऱ्याला दे असे जो मला म्हणेल त्याचे मस्तक उडवीन, असे माझे गुप्त व्रत आहे. राजाने तुझ्यादेखत ते शब्द उच्चारले. आता व्रत पाळण्यासाठी त्याला मारणे मला भाग आहे. तसे केले म्हणजे मी सत्यापासून ढळणार नाही आणि ऋणमुक्त होईन.

अर्जुनाचा हा युक्तिवाद नीट पाहिला तर तो वरवर पूर्णपणे निष्काम आहे. भावाला मारून त्याला काहीही मिळवायचे नाही. उलट युधिष्ठिर गेला तर ज्याच्यासाठी हे युद्ध चालले आहे तो राजाच उरत नाही, पांडवांची बाजू त्याच संध्याकाळी कोसळते आणि अर्जुनाचे स्वतःचे आयुष्यही उद्ध्वस्त होते. लाभ-हानी, जय-पराजय समान मानून कर्तव्य करावे, हे दुसऱ्या अध्यायातील अडतिसाव्या श्लोकाचे सांगणे तो शब्दशः अमलात आणतो आहे असे कोणी म्हटले, तर त्याला लगेच खोडून काढता येत नाही. युद्धाच्या पहिल्या दिवशी हाच अर्जुन कुलक्षयाचे परिणाम एकामागून एक मोजत धनुष्य खाली ठेवून बसला होता. अमर्त्य सेन यांनी त्या पहिल्या अर्जुनाची बाजू घेतली आहे: आपल्या कृतीने कोण मरणार आहे हे विचारणे ही दुर्बलता नव्हे, असे त्यांचे म्हणणे आहे. सतराव्या दिवशीचा अर्जुन मात्र परिणाम मोजणे पूर्ण सोडून बसला आहे, आणि आता त्याला परिणाम दाखवून देण्याची पाळी कृष्णावर येते.

कृष्ण चिडतो. तू वृद्धांची सेवा केली नाहीस, म्हणजे जाणत्यांच्या पायाशी बसून शिकला नाहीस, हे आज मला कळले, असे तो अर्जुनाला सुनावतो. मग तो तीन गोष्टी सांगतो. पहिली अशी की हे व्रत तू पोरवयात, न समजता घेतलेस; त्याच्या पायी आता अधर्म करायला निघालास. दुसरी अशी की प्राण्याचा वध न करणे हे माझ्या मते सर्वांत श्रेष्ठ. वेळ पडली तर खोटे बोलावे, पण हिंसा करू नये. अठरा अक्षौहिणी सैन्याच्या कत्तलीच्या मध्यावर उभे राहून हे वाक्य उच्चारले गेले आहे, ही विसंगती वाचकाला टोचते, आणि ती टोचावी अशीच आहे असे मला वाटते. तिसरी गोष्ट अशी की सत्य बोलणे चांगलेच, सत्याहून थोर काही नाही, पण आचरणात आणलेल्या सत्याचे खरे स्वरूप ओळखणे फार कठीण असते. ते ओळखावे कसे, हे दाखवण्यासाठी तो दोन कथा सांगतो, आणि प्रकरणाचे सारे वजन या दोन कथांवर आहे.

बलाक नावाचा एक व्याध होता. तो बायकामुलांसाठी आणि आंधळ्या आईबापांसाठी शिकार करी, हौसेने नव्हे. एके दिवशी त्याला काहीच मिळाले नाही, आणि मग पाणी पिणारे एक श्वापद दिसले, जे त्याने पूर्वी कधी पाहिले नव्हते. त्या श्वापदाला डोळे नव्हते; नाकाने हुंगूनच ते सारे जाणत असे. बलाकाने ते मारले. तत्क्षणी आकाशातून पुष्पवृष्टी झाली आणि व्याधाला न्यायला स्वर्गातून विमान उतरले. त्या जनावराने सर्व प्राण्यांच्या विनाशासाठी तप करून वर मिळवला होता, आणि म्हणून ब्रह्मदेवाने त्याला आंधळे केले होते. बलाकाला यातले काही ठाऊक नव्हते.

कौशिक नावाचा एक तपस्वी होता. तो फारसा बहुश्रुत नव्हता, असे कथाच सांगते. गावाबाहेर, नद्यांच्या संगमावर तो राहत असे. नेहमी सत्यच बोलायचे हे त्याचे व्रत होते आणि सत्यवादी म्हणून त्याची ख्याती झाली होती. दरोडेखोरांच्या भयाने पळणारे काही लोक जवळच्या वनात शिरले. मागून दरोडेखोर आले आणि म्हणाले, भगवन्, ती माणसे कोणत्या वाटेने गेली? आम्ही सत्याला स्मरून विचारतो, ठाऊक असेल तर सांगा. कौशिकाने सांगितले: झाडे, वेली आणि झुडपे दाट असलेल्या या वनात ते शिरले आहेत. दरोडेखोरांनी त्यांना शोधून ठार केले. त्या बोलण्याच्या पापामुळे कौशिक घोर नरकात गेला.

पहिल्या कथेत कर्त्याला परिणामाची कल्पना नाही आणि त्याला स्वर्ग मिळतो. दुसरीत कर्त्याला परिणाम उघड दिसत होता, त्याने तो विचारात घेतला नाही, आणि त्याला नरक मिळतो. दोन्ही कथांचा अर्थ केवळ परिणामांवरून लावला तर बलाकाचा स्वर्ग निव्वळ योगायोग ठरतो, कारण ते श्वापद साधे हरीण असते तरी त्याने तेच केले असते. पण कथेने एक तपशील मुद्दाम ठेवला आहे: तो हौसेने मारीत नव्हता, घरच्यांच्या पोटासाठी मारीत होता. ज्या लोकांचा भार त्याच्यावर होता ते त्याच्या डोळ्यांसमोर होते, आणि स्वतःसाठी त्याला काही नको होते. पुष्पवृष्टी त्याच्या वाट्याला अनपेक्षितपणे आली हे खरे, आणि माझ्या मते या कथेचा तेवढा भाग दुबळाच राहतो.

कौशिकाची कथा मात्र अधिक पक्की आहे. त्याने कोणताही लाभ मागितला नाही, दरोडेखोरांशी त्याचे साटेलोटे नव्हते, मरणाऱ्यांशी वैर नव्हते. नेहमीच्या अर्थाने तो फलनिरपेक्षच होता. मग दोष कुठे? त्याला सांभाळायची होती ती स्वतःची सत्यवादी ही ओळख. वनात लपलेल्या माणसांच्या जिवापेक्षा आपल्या तोंडून खोटा शब्द गेला नाही, हे त्याला अधिक मोलाचे वाटले. म्हणजे फळाची आसक्ती सुटली नव्हती. ती दुसऱ्या, अधिक प्रतिष्ठित फळावर जाऊन बसली होती. तलवार उपसलेल्या अर्जुनाची स्थिती हीच आहे. त्याच्या बोलण्यात युधिष्ठिराचे काय होईल हे कुठेच नाही. मी सत्यापासून ढळणार नाही, मी ऋणमुक्त होईन, एवढेच आहे.

गीतेतच याला आधार आहे, फक्त तो शेवटच्या अध्यायात असल्यामुळे कमी वाचला जातो. अठराव्या अध्यायात कर्माचे तीन प्रकार सांगितले आहेत. आसक्ती सोडून, राग-द्वेषाविना, फळाची इच्छा न ठेवता केलेले नियत कर्म ते सात्त्विक, हे तेविसाव्या श्लोकात आले आहे. दोनच श्लोक पुढे, पंचविसाव्यात, तामस कर्म येते: पुढे काय होईल, किती नाश होईल, कोणाची हिंसा होईल आणि आपली ताकद किती, याचा विचार न करता मोहाने आरंभलेले कर्म. म्हणजे परिणामांकडे डोळेझाक करणे हे निष्कामतेचे लक्षण नसून तमोगुणाचे लक्षण आहे, असे गीता स्पष्ट सांगते. तिसऱ्या अध्यायात कृष्ण स्वतःविषयी बोलतो तेव्हाही परिणामच मोजतो: मी कर्म केले नाही तर हे लोक नष्ट होतील. ज्याला स्वतःला काहीच मिळवायचे नाही, तोही लोकांचे काय होईल हे पाहतो. या तिन्ही ठिकाणांचा मेळ घातला की सोडायचे काय आणि सोडायचे नाही काय, हे बरेच स्पष्ट होते. आपल्याला काय मिळेल याची ओढ सोडायची. दुसऱ्याला काय भोगावे लागेल याची दखल सोडायची नाही.

कथा सांगून झाल्यावर कृष्ण कौशिकाने काय करायला हवे होते हेही क्रमवार सांगतो. न बोलता सुटका होत असेल तर मुळीच बोलू नये. बोलणे भागच असेल, किंवा गप्प राहिल्याने संशय येईल, तर तेथे खोटे बोलणे श्रेयस्कर. मौन आधी, असत्य नंतर, आणि तेही कोणाच्या तरी जिवासाठी. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’च्या कर्मजिज्ञासा या प्रकरणात नेमके हेच वचन घेतले आहे. नीतीचे नियम एकमेकांशी भांडू लागतात तेव्हा शहाण्या माणसालाही प्रश्न पडतो, हे दाखवण्यासाठी त्यांना कौशिक उपयोगी पडला. याच कोड्याला जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी १७९७ च्या एका निबंधात नेमके उलटे उत्तर दिले होते: दाराशी आलेल्या खुन्यालाही खोटे सांगू नये. कांट यांच्या न्यायालयात कौशिक निर्दोष सुटला असता.

मात्र परिणाम पाहावे असे एकदा म्हटले की दुसऱ्या बाजूचा धोका उघडा पडतो, आणि महाभारताने तोही दोनच दिवस आधी दाखवला आहे. पंधराव्या दिवशी द्रोण आवरेनात, तेव्हा कृष्णानेच सुचवले की अश्वत्थामा मेला असे त्यांना सांगावे. जीव वाचवण्यासाठी बोललेल्या असत्याचा दोष लागत नाही, असे त्याने युधिष्ठिराला पटवले. तर्क तोच, जो कौशिकाच्या कथेत आहे. भीमाने अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला, आणि युधिष्ठिर मोठ्याने अश्वत्थामा मेला म्हणून हत्ती हा शब्द अस्पष्ट पुटपुटला. त्या क्षणी त्याच्या मनात काय होते ते व्यासांनी दोन शब्दांत टिपून ठेवले आहे: ‘जये सक्तः’. तो जयाला आसक्त झाला होता. तोवर जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ त्यानंतर जमिनीला टेकला. अर्जुनाला तर ही युक्ती मुळातच रुचली नव्हती, अशी नोंद आहे.

कौशिक आणि युधिष्ठिर शेजारी ठेवले की दोन्ही टोके दिसतात. एकाने परिणाम पाहिला नाही, कारण त्याला आपले व्रत प्रिय होते. दुसऱ्याने परिणाम पाहिला, पण त्यातला जो परिणाम त्याला हवा होता त्याला तो चिकटला. खोटे दोघांपैकी एकच बोलला, तरी चूक एकाच जातीची आहे. आणि येथे एक मर्यादा मान्य करावी लागते. बाहेरून पाहणाऱ्याला आसक्ती दिसत नाही. व्यास कवी असल्यामुळे युधिष्ठिराच्या मनात डोकावू शकतात. न्यायाधीशाला किंवा शेजाऱ्याला ते जमत नाही. जून १८९७ मध्ये पुण्यात शिवाजी उत्सवात टिळकांनी अफझलखानाच्या वधाचे समर्थन करताना हाच आधार घेतला होता: फळाची इच्छा न ठेवता, स्वतःच्या पोटासाठी नव्हे तर परहितासाठी केलेल्या कृत्याचा दोष कर्त्याला लागत नाही. भाषणाचा वृत्तांत १५ जूनच्या ‘केसरी’त आला, २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली, आणि त्या अंकातील मजकुरावरून चाललेल्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. भाषणाचा आणि गोळीचा संबंध काय, हा इतिहासाचा वेगळा वाद आहे. येथे मुद्दा युक्तिवादाचा आहे. कर्त्याला स्वार्थ नव्हता एवढ्यावर कृत्य निर्दोष ठरत असेल तर कौशिकही निर्दोष ठरतो, आणि कर्णपर्व त्याला तसे ठरू देत नाही. स्वार्थ नसणे ही पहिली अट झाली. कोणाचा जीव जाणार आहे आणि मौनाची वाट शिल्लक होती का, हे तपासणे त्यानंतरही उरते.

आता शिबिरात परत येऊ, कारण कृष्णाचे उत्तर कथांवर संपत नाही. व्रत बालिश आहे म्हणून मोड, असे तो अर्जुनाला सांगत नाही. क्षत्रियाने घेतलेले व्रत मोडले तर त्याच्या पुढच्या कोणत्याच शब्दाला किंमत राहत नाही, हाही एक परिणामच आहे, आणि तो कृष्ण जमेस धरतो. म्हणून तो वाट काढतो: मानी वडीलधाऱ्याचा अपमान हाच त्याचा वध, युधिष्ठिराला तू नेहमी आदराने संबोधतोस, त्याला एकदा अरे-तुरे कर, म्हणजे तो मेल्यासारखाच होईल आणि तुझे व्रतही राहील. अर्जुन हे इतके मनापासून करतो की वाचणाऱ्याला अवघडल्यासारखे होते. तू रणापासून कोसभर लांब राहतोस, तुझ्या जुगारामुळे आम्ही राज्य गमावले, तुझ्यामुळे सुख कधी पाहिले नाही, असे तो बोलत सुटतो. बोलून झाल्यावर लगेच पश्चात्ताप होऊन तो दुसऱ्यांदा तलवार उपसतो, या वेळी स्वतःला संपवण्यासाठी.

ही दुसरी तलवार मला पहिलीपेक्षा जास्त बोलकी वाटते. कौशिकाची कथा ऐकूनही अर्जुन तिथेच आहे. आधी व्रत अखंड राहावे म्हणून भाऊ मारायचा होता, आता भावाचा अपमान केल्याचा डाग पुसावा म्हणून स्वतःला मारायचे आहे. तो मेला तर कर्णासमोर कोण उभा राहील, हा प्रश्न दोन्ही वेळा त्याच्या मनात येत नाही. कृष्णाला पुन्हा तोडगा काढावा लागतो: स्वतःची स्तुती स्वतः करणे हाच आत्मवध, तेव्हा आपले गुण गा. अर्जुन आपल्या पराक्रमाचे पोवाडे गातो आणि तलवार म्यान करतो.

तर्क म्हणून हे दोन्ही तोडगे लंगडे आहेत. अपमान म्हणजे वध मानायचा असेल तर जगात रोज किती वध होतात याचा हिशेब लागणार नाही. तरी त्यांचे काम पाहिले तर ते पळवाटेपेक्षा काही अधिक करतात. व्रताचा शब्द पाळला जातो, पण त्याची किंमत वनात लपलेल्या कोणा तिसऱ्याऐवजी व्रत घेणाऱ्याला, लाजेच्या रूपात, मोजावी लागते. कौशिकाने ही किंमत मोजायला नकार दिला होता. अर्थात ही किंमतही पूर्णपणे अर्जुनाच्याच पदरात पडली नाही. ते शब्द ऐकून युधिष्ठिर शय्येवरून उठला, आपणच या कुळाचा नाश करणारे आहोत, भीमाला राजा करा, मी वनात जातो, असे म्हणून निघाला. ज्या परिणामासाठी सारा खटाटोप केला तोच हातचा जाण्याची वेळ आली. कृष्णाने त्याच्या पायावर डोके ठेवले, झाल्या गोष्टीचा दोष स्वतःकडे घेतला आणि क्षमा मागितली, तेव्हा कुठे तो थांबला. मग दोघे भाऊ एकमेकांना धरून पुष्कळ वेळ रडले.

त्याच दिवशी दुपार टळल्यावर कर्णाच्या रथाचे चाक जमिनीत रुतले. चाक उपसताना त्याने अर्जुनाला थांबायला सांगितले आणि धर्माची आठवण करून दिली. उत्तर कृष्णाने दिले: द्रौपदीला सभेत ओढून आणली तेव्हा, अभिमन्यूला अनेकांनी मिळून घेरले तेव्हा तुझा धर्म कुठे गेला होता? या उत्तरात फलत्याग नाही आणि जीव वाचवण्याचा हिशेबही नाही. शिबिरात ज्या कसोट्या लावल्या गेल्या त्यांतली एकही येथे वापरली गेली नाही, आणि अर्जुनानेही ती मागितली नाही. त्याने बाण सोडला.